कोयना भरली की हादरे का बसतात? खरंच पाण्याचं वजन की आणखी काही?

कुंभार्लीचा_उतार
मंडळी, माझं आजोळ पाटण तालुक्यातलं, हेळवाकच्या अलीकडे. दरवर्षी गणपती उरकले की आजीचा फोन येतो, "काल राती परत मांडणीवरची भांडी वाजली रं", आणि आम्ही पुण्यात बसून हो आजी काळजी घे एवढंच म्हणतो. तिला काही वाटत नाही, १९६७ चा भूकंप बघितलेली बाई आहे, पण यंदा घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की कोयनेच्या शिवसागरात १०५ टीएमसी पाणी साठलंय, ते वजन जमिनीला सोसत नाही, धरण ताबडतोब अर्धं रिकामं करा नाहीतर ६७ परत होणार वगैरे.

मी मेसेज खोटा म्हणून सोडून देणार होतो पण मग हिशोब करून बघितला तर १०५ टीएमसी म्हणजे जवळजवळ तीनशे कोटी टन पाणी होतं की राव. म्हणजे वजन तर आहे. आता माझ्या डोक्यात दोन किडे वळवळतायत. एक, हे वजन खाली पाच-सात किलोमीटरवरचा खडक हलवायला पुरतं का? आणि दुसरा जास्त छळतोय, धरण भरतं ऑगस्टमध्ये, मग ६७ चा मोठा भूकंप ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी का झाला? वजन तर चार महिने आधीच येऊन बसलेलं ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सिव्हिलवाला_नाना
सोपं आहे हो. कापसाच्या गादीवर जाड माणूस बसला की गादी दबते आणि शिवण उसवते, तसंच. एवढं पाणी एका जागी आणून ठेवलं की जमीन खाली दबणार, खालच्या खडकात ताण येणार, तो तडकणार. लेक मीडला म्हणजे अमेरिकेत हूवर धरणाच्या मागे १९३० च्या दशकात हेच झालं, तलाव भरत गेला तसे हादरे सुरू झाले आणि वजनाने जमीन खाली बसल्याचं मोजलेलं पण आहे. डिसेंबरचं म्हणाल तर खडक काही लगेच तुटत नाही, फळीवर पुस्तकं ठेवली की फळी हळूहळू वाकते आणि एक दिवस मोडते. थकतो खडक.

प्रश्नचिन्ह_मोठ्ठं
आमच्या भूगोलाच्या सरांनी वेगळंच सांगितलेलं. पाणी भेगांतून खाली झिरपत जातं आणि गरम लाव्हारसाला भिडलं की वाफ होते आणि त्या वाफेने हादरा बसतो. कोकणात गरम पाण्याचे झरे आहेतच की, मग?

राधानगरीची_मावशी
वाचतेय. पॉपकॉर्न नाही, शेंगदाणे घेऊन बसले आहे.

खडकफोड्या
नमस्कार. आयुष्यातली बरीच वर्षं भूकंपमापकांच्या कागदांवर डोळे फोडण्यात गेली, त्यातली काही कोयनेच्या खोऱ्यात, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी वाफेचं संपवतो. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला आणि कधीच गार झाला. कोयनेला भोकं पाडून बघितलंय, वरचा काळा दगड हजार-बाराशे मीटरचा थर आहे आणि त्याखाली सरळ ग्रॅनाइट-नाइस, खूप जुना. तिथल्या गोठणे गावी तर २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालं, लाव्हा कुठे लागला नाही. सरांना राग नको, त्या काळी बरेच जण असं सांगायचे.

आता नानांचं. नाना, तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि चुकीचा जो अर्धा आहे त्यातच खरी गंमत आहे. जमीन दबते हे खरं, मोजता येतं. पण आकडे लावून बघा. जलाशयात खोल जागी ७५-८० मीटर पाणी धरलं तर तळावर ते दाबतं साधारण ८ बारने. १० मीटर पाण्याला १ बार, इतका साधा हिशोब. त्याच्याखाली ५ किलोमीटरवर जो खडक आहे तो डोक्यावरच्या खडकाचं वजन कित्येक लाख वर्षं वागवतोय आणि ते भरतं तेराशे बारच्या आसपास. तेराशेवाल्याच्या डोक्यावर आठ टाकले तर तो काय तुटणार? आणि ते आठही खाली पूर्ण पोचत नाहीत कारण कोयनेचा जलाशय लांब आहे पण अरुंद, दरीतला. भार जसजसा खाली जातो तसा आजूबाजूला पसरतो आणि पाच किलोमीटरवर त्यातला थोडासाच उरतो. त्यामुळे धरणाने खडक मोडला हे चित्र डोक्यातून काढा. खडक आधीच मोडलेला आहे. ती भेग, म्हणजे फॉल्ट, धरणाच्या कितीतरी आधीची आहे. ६७ नंतर दोनीचावाड्याजवळ जमिनीला भेगांची ओळच दिसली होती, उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे जाणारी, आणि त्या फॉल्टच्या दोन बाजू वरखाली नाही तर मुख्यतः आडव्या सरकल्या, एका बाजूला उभं राहिलं तर समोरची बाजू डावीकडे.

आता विचार करा, नुसत्या वजनाने जमीन खाली बसून तुटली असती तर ती आडवी कशाला सरकेल? आडवं ढकलणारं कोणीतरी दुसरं आहे. आपलं अख्खं भारताचं ताट, म्हणजे भूपट्ट, वर्षाला साधारण ५ सेंमीने उत्तरेला सरकतंय, हिमालयाला रेटतंय, आणि तो रेटा मागे आपल्या इथल्या खडकातही साठतो. कोयनेचा फॉल्ट त्या रेट्याखाली सुटायच्या बेतात अडकून बसला होता. त्याला धरून ठेवलं होतं घर्षणाने, दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या होत्या म्हणून. पाण्याने बिघडवलं ते हे घट्ट दाबलेपण.

कुंभार्लीचा_उतार
काका मस्त. पण घट्ट दाबलेपण पाण्याने कसं कमी होतं? पाणी तर वरून आणखी दाबतंय ना? मला इथेच उलटं वाटतंय.

खडकफोड्या
हाच प्रश्न हवा होता. स्वयंपाकघरात जा. धुतलेला ओला स्टीलचा पेला, आत गरम पाणी फिरवलेला, ओल्या कडप्प्याच्या ओट्यावर उपडा ठेवा. बऱ्याचदा तो आपला आपण सरकत जातो, भूत असल्यासारखा. पेल्याचं वजन कमी झालं का? नाही. आत कोंडलेली हवा गरम होऊन फुगते आणि पेल्याचं थोडं वजन स्वतः उचलते, तेवढी काठ आणि ओट्यातली पकड सुटते. ओट्याला थोडा जरी उतार असेल तर पेला निघाला.

फॉल्टचं तेच. फॉल्टच्या सांध्यात, भेगांत, खडकाच्या बारीक छिद्रांत पाणी आधीपासून आहे, धरण नसतानाही होतं. कोरडा खडक खाली फारसा कुठे नसतोच. त्या पाण्याचा दाब वाढला की ते दोन्ही भिंतींना आतून ढकलतं आणि पकड सैल होते. ओट्याचा उतार म्हणजे साठलेला रेटा, तो आधीपासून होताच.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. वजन काय करतं आणि दाब काय करतो. वजन त्याच दिवशी जाणवतं, पाणी चढलं की खालचा खडक तेवढा आवळला जातो, फॉल्ट कसा कलला आहे त्यावर कधी पकड थोडी वाढते कधी कमी होते. हिमालयासारखा फॉल्ट असेल, एक बाजू दुसरीवर चढणारा, तर वरचं वजन त्याला उलट दाबून धरतं. कोयनेसारख्या आडव्या सरकणाऱ्या किंवा खाली घसरणाऱ्या फॉल्टला ही सवलत नाही. दाब मात्र वेळ घेतो, तो भेगाभेगांतून वाट काढत खाली पोचतो. इथेच तुमचा डिसेंबर आहे, पण आता जेवायला हाक आली, रात्री लिहितो.

सिव्हिलवाला_नाना
मान्य नाही पूर्ण. मग खाली पोचणार ते आठातले फार तर दोन-चार बार, त्याने ६.३ चा भूकंप? तुम्हीच म्हणालात तेराशेला आठ काहीच नाही, मग दोन कसे काय पुरले? हे म्हणजे वकिली झाली.

उदगीरचा_पाहुणा
इथे किल्लारीचं कोणी बोलतच नाहीये. ३० सप्टेंबर १९९३ ला आमच्याकडे ६.२ चा झाला, माणसं हजारोंनी गेली, मी तेव्हा चौथीत होतो, आमच्या घराची दगडमातीची भिंत मध्यरात्रीनंतर पडली. तिथे तर कोयनेएवढं धरण नाही. तेरणेवर माकणीला आहे ते त्यामानाने छोटं. मग कोयनेचा पण धरणाशी संबंध नसेल, दख्खनला असे अधूनमधून बसत असतील?

खडकफोड्या
जेवलो. आधी नाना.

वकिली नाही नाना, प्रश्न योग्य आहे. खडक फोडायचा असेल तर दोन बार हास्यास्पद आहेत, तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असते तेवढी हवा. पण फोडायचा नाहीये, सुटायच्या बेतात असलेलं सोडवायचं आहे. उसाची ट्रॉली घाटात ब्रेकवर उभी आहे, ती ढकलायला ताकद किती लागते ते ब्रेक किती दाबलाय त्यावर ठरतं, उसाच्या वजनावर नाही. भूकंपात जी ऊर्जा बाहेर पडली ती पाण्याची नव्हती, हजारो वर्षं साठलेल्या रेट्याची होती. म्हणूनच आमच्यातले बरेच लोक 'धरणामुळे झालेला' असं म्हणायला कचरतात, 'धरणाने सुरू करून दिलेला' म्हणतात. आणि म्हणूनच सह्याद्रीत एवढी धरणं असून बहुतेकांखाली काही होत नाही. पाणी सगळीकडे आहे, सुटायच्या बेतातला फॉल्ट सगळीकडे नाही.

वजनाशिवाय नुसत्या दाबाने होतं याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेतलं डेन्व्हर बघा. तिथे लष्कराच्या कारखान्याचं घाण पाणी साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल विहिरीत कोंबायला लागले, १९६२ पासून. वर तलाव नाही, वजन नाही, काही नाही, नुसता दाब. त्याच वर्षी जिथे फारसं काही जाणवत नव्हतं तिथे हादरे सुरू झाले. आरडाओरडा झाला म्हणून १९६६ च्या फेब्रुवारीत पंप बंद केले. आणि सगळ्यात मोठे हादरे कधी बसले? १९६७ मध्ये. बंद केल्यावर वर्ष उलटून गेल्यावर, कारण खाली गेलेला दाब पंपाचं बटण दाबल्याने परत येत नाही, तो पसरतच राहतो, लांबच्या कुठल्यातरी अडकलेल्या भागाला जाऊन पोचतो.

हा पसरण्याचा वेग काढता येतो. पाणी स्वतः पाच किलोमीटर खाली प्रवास करत नाही बरं का, भरलेल्या नळीत एका टोकाला ढकललं की दुसऱ्या टोकाला कळतं तसा दाब पुढे जातो, फक्त खडकात भेगा बारीक म्हणून हळू. ते किती हळू हे एका आकड्यावर ठरतं आणि भेगाळलेल्या खडकासाठी तो सेकंदाला ०.१ ते १० चौरस मीटरच्या दरम्यान येतो. मधला १ घ्या. खोली ५,००० मीटर. खोलीचा वर्ग करायचा, चौपट त्या आकड्याने भागायचं, म्हणजे अडीच कोटी भागिले चार, साडेबासष्ट लाख सेकंद. दिवसांत ७२. अडीच महिने. ऑगस्ट-सप्टेंबरात भरलेल्या तलावाचा दाब पाच किलोमीटरवर नोव्हेंबर-डिसेंबरात. मिळाला डिसेंबर?

फार भाव देऊ नका या उत्तराला. तो आकडा ०.५ घेतला तर पाच महिने होतात आणि २ घेतला तर एक महिना, म्हणून माझं ७२ बरोबर जुळलं यात थोडी माझी निवड पण आहे. पण आठवडे ते महिने, मिनिटं नाही आणि शतकं नाही, हे पक्कं. आणि कोयनेचे हादरे वर्षानुवर्षं महिन्यांत मांडले की दोन टेकाडं दिसतात, एक पावसाळा संपताना पाणी भरभर चढल्यावर आणि दुसरं हिवाळ्यात. पहिल्यात वजनाचा वाटा असतो, दुसऱ्यात दाबाचा जास्त. म्हणून म्हटलं नाना अर्धे बरोबर.

उदगीरकर, तुमचं उद्या. भिंतीचं वाचून वाईट वाटलं.

कुंभार्लीचा_उतार
माझा ऑगस्ट-डिसेंबरचा किडा मेला. आजीला पेल्याचं उदाहरण सांगितलं, ती म्हणाली "आमचा पेला तर रोजच सरकतोय, म्हणून काय रोज भूकंप व्हतोय व्हय". आता तिला काय सांगू.

राधानगरीची_मावशी
आजीला सांगा तुमच्याकडे रोजच होतोय, मशीनवर दिसतो फक्त. 😀

बिनभरवशाचा
एक शंका, थोडी आडवी. १९६२ ला कोयनेत पाणी साठायच्या आधी तिथे भूकंपमापक होता कुठे? यंत्रं बसवली धरणानंतर, मग धरणानंतरच भूकंप दिसणार ना. आमच्या गावात सीसीटीव्ही बसवल्यापासून चोऱ्या वाढल्या म्हणण्यासारखं आहे हे.

खडकफोड्या
हा आक्षेप त्या काळी मोठमोठ्या लोकांनी घेतला होता, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तेव्हा नकाशांत द्वीपकल्प म्हणजे स्थिर, ठार शांत, भूकंपाच्या पट्ट्यांत सगळ्यात खालचा शून्य नंबर. ६७ नंतर १९७० च्या नकाशात तो शून्य नंबरच काढून टाकला आणि कोयनेला चौथ्या पट्ट्यात नेलं.

तुमच्या सीसीटीव्हीला उत्तर दोन आहेत. पहिलं, लहान हादरे सोडा, पाचच्या वरचा झाला असता तर पुण्याच्या यंत्रावर आणि लोकांच्या आठवणीत आला असता. आणि कोयनेचे लहान हादरे उथळ असल्यामुळे कानाला ऐकू येतात, जमिनीतून गुडगुड किंवा स्फोटासारखा आवाज येतो. यंत्रं बसायच्या आधी माणसांनीच सांगितलं की १९६२ मध्ये पाणी साठायला लागल्यापासून हे नवीन सुरू झालंय, आणि त्या तक्रारींवरूनच मग यंत्रं आली. चोऱ्या आधी, सीसीटीव्ही नंतर.

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं कारण ते निसर्गाने आपणहून केलेल्या प्रयोगासारखं आहे. कोयनेच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर चांदोलीला वारणेचं धरण बांधलं, १९८५ पासून त्यात पाणी साठू लागलं. यंत्रं तोवर वीस वर्षं चालू होती, कॅमेरे सगळे लागलेले. आणि त्यानंतर भूकंपांचा जोर दक्षिणेला वारणेकडे सरकला. ८ डिसेंबर १९९३ ला आणि १ फेब्रुवारी १९९४ ला तिकडे पाचच्या वरचे दोन झाले. परत डिसेंबर-फेब्रुवारी बघा. साठ वर्षांत पाचच्या वरचे वीसपेक्षा जास्त आणि चारच्या वरचे दोनशेच्या आसपास हादरे झाले आणि सगळे जेमतेम २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात. त्या तुकड्याच्या बाहेर पन्नास किलोमीटरवर यंत्रं कंटाळतात.

आणि शेवटचं, पाण्याची पातळी. १९६७ ला पाणी लवकर चढलं आणि बराच काळ वरच राहिलं, सप्टेंबरच्या १३ तारखेला पाचच्या वरचा एक झाला आणि मग डिसेंबर. पुढची पाच-सहा वर्षं त्यामानाने बरी गेली आणि १९७३ ला पाणी आधीच्या कमाल पातळीच्या वर गेलं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाचच्या वरचा. एकदा जेवढा दाब सोसून झाला तेवढ्याला खडक पुढच्या वेळी फारसा दाद देत नाही, नवीन उंची गाठली की मात्र परत कुरकुरतो, असं त्यावरून वाटतं. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता यांनी असा नियम सुचवला की पाणी आठवड्याला १२ मीटरपेक्षा वेगाने चढलं तर पाचच्या वरच्याची शक्यता तयार होते. शक्यता, खात्री नाही. तेवढ्या वेगाने चढूनही काही न झालेली वर्षं आहेत.

उदगीरकर, यावरूनच तुमचं उत्तर निघतं. धरणाला दोष द्यायचा तर तीन गोष्टी दिसायला हव्यात, हादरे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणं, जागा जलाशयाच्या जवळ असणं आणि मोठ्याच्या आधी-नंतर लहान हादऱ्यांची वर्षानुवर्षं चालणारी रांग. किल्लारीला मोठ्याच्या आधी ९२ मध्ये हादरे झाले होते, त्यावरून काहींनी माकणीकडे बोट दाखवलंही, पण नंतर कोयनेसारखं दर पावसाळ्याचं वेळापत्रक तिथे बसलं नाही, आणि तिथला फॉल्ट एक बाजू दुसरीवर चढणारा, ज्याला वरचं वजन सुटायला मदत करत नाही. मी स्वतः किल्लारीला धरणाच्या खात्यात टाकत नाही. माझे काही सहकारी अजून वाद घालतात, घालू देत. पण तुमचं 'दख्खनला धरणाशिवाय होतात' हे बरोबर आहे, त्यातून 'कोयनेलाही धरणाचा संबंध नाही' एवढं मात्र निघत नाही.

डहाणूचा_चिकू
आमच्याकडे नोव्हेंबर २०१८ पासून चालू आहे, तलासरी-डहाणू पट्टा, रात्री रात्री लोकं तंबूत झोपली. लोकं कुर्झे धरणाला शिव्या घालतात. खरं का?

खडकफोड्या
तुमच्याकडचा प्रकार झुंडीचा आहे, एक मोठा आणि मागे लहान असं नाही, बरोबरीचे खूप सारे, उथळ. पाण्याचा हात असू शकतो, पण पाणी म्हणजे धरणच असं नाही, पावसाचं मुरलेलं पाणीही भेगांत दाब बदलतं. धरणाला धरायचं तर वर लिहिलेली पातळीवाली कसोटी लावा, महिन्याचे हादरे आणि महिन्याची पातळी एका कागदावर काढा. त्याआधी शिव्या नकोत. मुळशी, भंडारदरा, जायकवाडी कुठे कोण शिव्या देतं.
भातसाला मात्र १९८३ मध्ये तलाव भरताना हादरे सुरू झाले होते, चारच्या वरपर्यंत गेले, मग काही वर्षांत मंदावले. बऱ्याच धरणांचं असंच होतं, सुरुवातीच्या भरण्याला खडक कुरकुरतो आणि मग जुळवून घेतो. कोयना साठ वर्षं थांबत नाही हेच तिचं वेगळेपण, आणि का थांबत नाही यावर आमच्यात एकमत नाही.

फार्महाऊस_पाहिजे
कोयना बॅकवॉटरला तापोळ्याच्या बाजूला ११ गुंठे बघतोय, व्ह्यू जबरदस्त. वरची चर्चा वाचून घाबरलो. घ्यावा का? धरण फुटलं तर प्लॉट पाण्याखाली जाईल का?

सिव्हिलवाला_नाना
अहो बॅकवॉटर धरणाच्या वरच्या अंगाला असतं, धरण फुटलं तर तुमचा प्लॉट कोरडा पडेल, बुडणार खालचे. 🙏

धरणाचं मात्र मी सांगतो, हे माझ्या खात्यातलं. १०३ मीटर उंचीचं ते धरण डिझाइन करताना भूकंपाचा आडवा धक्का गुरुत्वाच्या फक्त ५ टक्के धरला होता, कारण भाग शांत मानलेला. ६७ ला धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने ६३ टक्के नोंदला. बारा पट. तरीही धरण उभं राहिलं, हे त्या बांधणाऱ्यांचं. चिरा पडल्या त्या सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांत, आणि नेमक्या कुठे तर मागच्या अंगाचा उतार जिथे अचानक बदलतो त्या उंचीला. वरचा भाग सरळ उभा, जड, खालचा रुंद, मधे कोपरा. हलवलं की वरचा भाग मान हलवतो आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. नंतर तिथे मागून काँक्रीटचे टेकू आणि जाडी दिली. आज जगभरात गणिताने धरण हलवून बघायचं असेल तर पोरं कोयनेचाच आराखडा घेतात, कारण उत्तर आधीच माहीत आहे, चीर कुठे पडली ते.

घर बांधणार असाल तर जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली आरसीसी पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, आणि दगडमातीची जाड भिंत व्ह्यूसाठी सुद्धा नको. ६७ ला जी माणसं गेली, जवळपास पावणेदोनशे-दोनशे, ती बहुतेक अशाच भिंतींखाली, पहाटे झोपेत.

फार्महाऊस_पाहिजे
धन्यवाद नाना. मग घेऊ ना?

कुंभार्लीचा_उतार
😀😀 नाना, काका, दोघांनाही दंडवत. शेवटचा प्रश्न, तो मेसेजवाला. धरण अर्धं रिकामं केलं तर आजीची भांडी वाजायची थांबतील का? मामा म्हणतो लगेच सोडा पाणी, घाबरायला नको.

खडकफोड्या
मामांना म्हणावं सावकाश. पाणी भराभर सोडलं की वजन त्याच दिवशी उतरतं, पण खाली पोचलेला दाब तिथेच बसून असतो, त्याला परत यायला महिने लागतात, तेच ७२ दिवसांचं गणित उलट्या दिशेने. म्हणजे वरून जी काही आवळण होती ती गेली आणि आतून ढकलणारा तसाच. काही जागी पकड तेवढ्यापुरती आणखी सैल होऊ शकते. कॅलिफोर्नियात ओरोव्हिल नावाचं धरण आहे, १९६८ मध्ये भरलं, सात वर्षं शांत होतं. १९७४-७५ च्या हिवाळ्यात दुरुस्तीसाठी पाणी आधी कधी नव्हतं एवढं खाली नेलं, मग परत भरलं आणि १ ऑगस्ट १९७५ ला ५.७ चा झाला. पाण्यानेच झाला असं तिथे सगळे मानत नाहीत, पण घाईने चढ-उतार करायला भीती वाटावी एवढं ते पुरेसं आहे.

आणि चढण्याचा वेग तुमच्या-माझ्या हातात कुठे आहे. जुलैत कोयनेच्या खोऱ्यात जो पाऊस पडतो तो आठवड्यात पातळी चढवतोच. सावकाश भरायचं तर दारं उघडी ठेवा, उघडी ठेवलीत तर खाली कराड आणि सांगली. २०१९ ला सांगलीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. हा निर्णय भूकंपवाल्याला एकट्याला घ्यायला देऊ नये, मीही घेणार नाही.

बिनभरवशाचा
म्हणजे ती गोठण्याची तीन किलोमीटरची विहीर पाडून उपयोग काय झाला? ७२ का १५० हे तरी ठरलं का?

खडकफोड्या
तीच तर मेख आहे. दाब पसरायचा तो दर बाहेर बसून काढला की अंदाजच राहतो. भोकात उतरून खडकाचे नमुने, भेगांची दिशा, आतला ताण मोजायचा म्हणून ते पाडलं, त्या कामासाठी कराडला प्रयोगशाळाच उभी केली. पण ते चाचणीचं भोक. भूकंप होतात त्या खोलीपर्यंत, प्रत्यक्ष फॉल्टजवळ यंत्र ठेवणं हे खरं काम आणि ते अजून व्हायचंय. तीन किलोमीटरवर बसून पाचवरचा दाब सांगणं म्हणजे जिन्यात उभं राहून वरच्या मजल्यावरची भांडणं ऐकणं, सूर कळतो, शब्द नाही.

कुंभार्लीचा_उतार
आजीला वाचून दाखवलं सगळं. तिचं म्हणणं, ६७ च्या आधी कुत्री आठ दिवस भुंकत होती, ते काकांना विचार.

खडकफोड्या
आजींना विचारा, कुत्री ६६ च्या डिसेंबरात भुंकत नव्हती का?

कुंभार्लीचा_उतार
विचारलं. "तवा पण भुंकायची."